सीता कठोर, भीम मृदू?

शाळेच्या व्याकरणात एक तक्ता असतो. प्रत्येक वर्गातली पहिली दोन व्यंजनं, म्हणजे क-ख, च-छ, ट-ठ, त-थ, प-फ, ही कठोर. पुढची दोन, ग-घ, ज-झ, ड-ढ, द-ध, ब-भ, ही मृदू. हा तक्ता हातात घेऊन दोन नावं तपासू या. ‘सीता’ या नावात स आणि त अशी दोन व्यंजनं आहेत आणि दोन्ही अघोष, म्हणजे स्वरतंतू न कंपता उच्चारलेली, तक्त्याच्या भाषेत कठोर. ‘भीम’मधला भ तक्त्याप्रमाणे मृदू आणि म तर अनुनासिक, त्याहूनही मऊ. म्हणजे सीता कठोर आणि भीम नाजूक. आता यमाकडे पाहा. य आणि म यांच्याइतके सौम्य वर्ण वर्णमालेत शोधून सापडायचे नाहीत. रावणाच्या नावात र, व, ण आहेत. त्यात कुठेही स्फोट नाही, घर्षण नाही. सगळा कारभार वाहता.

नाव ऐकून ‘हे मायाळू वाटतं’, ‘हे उग्र वाटतं’ असा निकाल देणं आणि त्याला वर्णांचा आधार जोडणं ही सवय हल्ली वाढली आहे. मुलाचं नाव ठरवताना, कथेतल्या पात्राला किंवा खेळातल्या राक्षसाला नाव देताना कुणीतरी सांगतं की म, ल, न असलं की सौम्य आणि क, ट, ग असलं की उग्र. ही समजूत पूर्ण खोटी असती तर लेख लिहायची गरजच नव्हती. ती अर्धी खरी आहे आणि पंचाईत तिथेच आहे. माझं म्हणणं असं की ध्वनी आणि भाव यांचं नातं खरं आहे, पण ‘मृदू-कठोर’ या एका जोडीत ते मावत नाही. ज्या नावाला अर्थ आणि इतिहास आहे, त्याच्यापुढे तर ते जवळजवळ निष्प्रभ ठरतं.

आधी खऱ्या अर्ध्याबद्दल. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलर यांनी 1929 साली दोन आकृत्या मांडल्या, एक गोलसर आणि एक टोकदार. सोबत दोन निरर्थक शब्द होते, ‘बालुमा’ आणि ‘ताकेते’. कोणता शब्द कोणत्या आकृतीचा, हे सांगायला लोकांना फार विचार करावा लागत नाही. पुढे कोहलर यांनी ‘बालुमा’चं ‘मालुमा’ केलं. 2001 मध्ये मेंदूचे अभ्यासक रामचंद्रन आणि हबर्ड यांनी हाच खेळ ‘बूबा’ आणि ‘किकी’ या नावांनी पुन्हा गाजवला. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 25 भाषा बोलणाऱ्या 917 लोकांना हे दोन शब्द ऐकवले गेले आणि सुमारे 72 टक्के उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली. निव्वळ योगायोग असता तर ती निम्मी आली असती. तेव्हा हा सगळा मनाचा खेळ आहे असं म्हणून मोकळं होता येत नाही.

अक्षराचा आकार पाहून लोक असं म्हणत असतील, अशीही एक शंका घेतली जाते. रोमन लिपीत ‘के’ टोकदार आणि ‘बी’ गोल आहे, हे खरं. पण देवनागरीत उलट आहे. ट गोलाईचा आहे, ठ तर जवळजवळ वर्तुळच, आणि म-भ मात्र दांड्या-कोनांचे. तरीही ‘ताकेते’ आपल्या कानाला टोचरं वाटत असेल, तर ते डोळ्यांमुळे वाटतंय असं म्हणता येणार नाही.

पण या प्रयोगांमध्ये विचारलं काय होतं, ते नीट पाहायला हवं. प्रश्न गोल की टोकदार एवढाच होता. सौम्य की उग्र असं तिथे कुणी विचारलं नव्हतं. आपण मात्र गोल म्हणजे सौम्य आणि टोकदार म्हणजे उग्र असं परस्पर धरून चालतो. मांजरीच्या पिलाची नखं टोकदार असतात आणि पिसाळलेल्या हत्तीणीला कुठेही टोक नसतं. दोघांपैकी कुणासमोरून पळायचं, हे सांगावं लागत नाही.

इथेच मराठीची एक श्रीमंती उपयोगी पडते. आपल्याकडे ध्वनीची नक्कल करणारे शब्द चिकार आहेत आणि त्यातल्या काही जोड्यांमध्ये केवळ अघोष-घोष एवढाच फरक आहे. वीज कडकडते आणि ढग गडगडतात. एखादा माणूस कामाला सांगितलं की कुरकुर करतो. कुत्रा अनोळखी माणसावर गुरगुरतो. कडकडाटात फटका आहे, टोक आहे. गडगडाटात वजन आहे, पसारा आहे. कुरकुरीचा फार तर त्रास होतो, गुरगुरीची मात्र भीती वाटते. म्हणजे ज्या ग ला व्याकरण मृदू म्हणतं तोच इथे जड आणि धोक्याचा आहे आणि कठोर म्हटलेला क त्याच्यापुढे किरकोळ ठरतो. जपानी भाषेतही हेच दिसतं. लहान, हलकी वस्तू घरंगळली की ‘कोरोकोरो’ आणि मोठा धोंडा घरंगळला की ‘गोरोगोरो’. त्या भाषेत एका खेळातल्या काल्पनिक प्राण्यांच्या नावांचा अभ्यास झाला आहे. ज्या नावांत ग, ज, द, ब यांसारखे घोष वर्ण जास्त, ते प्राणी सरासरीने अधिक वजनदार आणि बलवान निघाले.

याचं कारण घशात आणि तोंडात आहे. क, ट, त, प उच्चारताना हवा अडते, क्षणभर शांतता होते आणि मग एकदम फट्कन सुटते. कानाला जाणवते ती ही तुटकता, ध्वनीची धार. ग, ड, द, ब उच्चारताना हवा अडलेली असतानाही स्वरतंतू कंप पावत राहतात आणि बंद तोंडातून एक खालच्या पट्टीतली घुमारी बाहेर येते. घ, ढ, ध, भ यांत त्या घुमारीला जोरदार श्वास जोडला जातो. आता मोठ्या शरीराचा आवाज खालच्या पट्टीत आणि लहान शरीराचा वरच्या पट्टीत, हे निसर्गातलं जुनं गणित आहे. धमकावणारा प्राणी आवाज खाली नेतो, शरण जाणारा वर. भाषाशास्त्रज्ञ जॉन ओहाला यांनी माणसांच्या बोलण्यातही हाच संकेत काम करतो असं मांडलं होतं. स्वरांनाही ते लागू पडतं. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी 1929 मध्येच दाखवलं की ‘मिल’ आणि ‘माल’ अशा दोन निरर्थक शब्दांपैकी ‘मिल’ हे छोट्या मेजाचं आणि ‘माल’ हे मोठ्या मेजाचं नाव वाटतं. (आपल्याला ‘माल’ निरर्थक वाटणार नाही, पण त्यांच्या प्रयोगात तो तसा होता.)

म्हणजे उग्रपणा निदान दोन प्रकारचा आहे. एक धारेचा, त्याला अघोष व्यंजनं लागतात. दुसरा वजनाचा, त्याला घोष व्यंजनं लागतात. ‘मृदू-कठोर’ असे दोनच रकाने केले की यातला एक प्रकार नेमका चुकीच्या रकान्यात जातो. भीम, घटोत्कच, हिडिंबा ही नावं ज्यांना भारदस्त वाटतात त्यांचा कान चुकत नाही. गडबड तक्त्याची आहे.

खरं तर तक्त्याचीही नाही. तक्ता संधी करण्यासाठी आहे. ‘मनः’ आणि ‘रथ’ जोडले की ‘मनोरथ’, ‘यशः’ आणि ‘धन’ जोडले की ‘यशोधन’, पण ‘निः’ आणि ‘फल’ जोडले की ‘निष्फल’. पुढचा वर्ण घोष आहे की अघोष यावर विसर्गाचं काय होणार ते ठरतं. तेवढ्या कामापुरती ‘मृदू’ आणि ‘कठोर’ ही नावं वर्णांना चिकटवलेली आहेत. नाव लाडकं आहे की दरारा बसवणारं, हा प्रश्न त्या तक्त्याने कधी घेतलाच नव्हता. परिभाषेतला शब्द उचलून त्याचा बोलीतला अर्थ लावला की असंच होतं.

ज्यांनी तो प्रश्न खरोखर घेतला, त्यांनी वेगळी उत्तरं दिली आहेत. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात माधुर्य आणि ओज या गुणांना कोणते वर्ण पोषक ते सांगितलं आहे. माधुर्यासाठी अनुनासिक जोडलेली व्यंजनं चालतात, ऱ्हस्व स्वराबरोबरचे र आणि ण चालतात, ट-ठ-ड-ढ मात्र नकोत. ओजासाठी वर्गातल्या पहिल्याचा दुसऱ्याशी आणि तिसऱ्याचा चौथ्याशी संयोग हवा, एकाच वर्णाचं द्वित्व हवं, र जोडलेली जोडाक्षरं हवीत, ट-ठ-ड-ढ हवेत, श-ष हवेत आणि लांबलचक समास हवेत. यात दोन गोष्टी लक्षात येतात. घोष की अघोष या भेदावर त्याने काहीच उभं केलेलं नाही. आणि त्याचं बहुतेक लक्ष सुट्या वर्णांपेक्षा त्यांच्या जोडणीवर आहे. र एकटा, ऱ्हस्व स्वराबरोबर आला तर मधुर. तोच दुसऱ्या व्यंजनात रुतला की ओजस्वी. ‘रमण’मधला र आणि ‘उग्र’मधला र एकच, पण काम वेगळं.

माझ्या मते नावांबद्दल यापेक्षा शहाणी सूचना आजवर झालेली नाही. रुद्र, उग्र, वज्र, व्याघ्र, तीव्र, क्रूर ही सगळी र च्या जोडाक्षराची मंडळी आहेत. पण तीही नियम म्हणून वापरून पाहा. ‘भद्र’ घ्या. शेवटचं जोडाक्षर ‘रुद्र’चंच, वर सुरुवातीला जडशीळ भ. कानाच्या हिशेबाने हे ‘रुद्र’हून भारी असायला हवं, पण त्याचा अर्थ मंगल, सभ्य. आणि त्याच्या आधी ‘वीर’ लावला की तोच भद्र पुन्हा संहारक होतो. इथे ध्वनी जागचा हललेला नाही, अर्थ मात्र दोनदा बदलला.

माहीत असलेल्या नावाबाबत नेहमी हेच घडतं. यमाचं नाव आपल्याला भीतीदायक वाटतं ते य आणि म मुळे नाही, तो कोण आहे हे माहीत असल्यामुळे. रावण म्हणजे आक्रोश करायला लावणारा, भीम म्हणजे ज्याची भीती वाटते तो. ही नावं पडताना अर्थ आधी आला. ध्वनी त्याच्या मदतीला कधी आला, कधी नाही. मग आपण मागाहून वर्ण मोजायला बसतो. भीम म्हटलं की भ चा भार सांगतो आणि यम म्हटलं की गप्प बसतो. जुळलेली उदाहरणं लक्षात ठेवायची आणि न जुळलेली विसरायची, असं असेल तर कुठलाही नियम सिद्ध होतो.

तरीही कुणाला एखादं नवं, बनावट नाव जोखायचं असेल, तर तिथे हे ज्ञान खरंच कामाचं आहे. नाव कुणाचंच नसतं, अर्थ आडवा येत नाही, कानाला मोकळं रान मिळतं. फक्त पद्धत नीट हवी. समजा कथेत एक अजस्र पहारेकरी हवा आहे. एक सांगाडा घेऊन फक्त घोष-अघोष बदलायचं ठरवलं. पहिला विचार मनात येतो ‘तिकोट’ आणि ‘दिगोड’ असा. त-द, क-ग, ट-ड, जोडी अगदी रेखीव आहे. पण ‘दिगोड’मध्ये ‘गोड’ दडलंय आणि ‘तिकोट’मध्ये ‘कोट’. ऐकणारा ‘दिगोड’ला हसून प्रेमळ म्हणेल आणि आपण ते घोष व्यंजनांच्या नावावर मांडू. या खेळातली सगळ्यात नेहमीची चूक ही आहे, की ध्वनी तपासतोय असं वाटत असताना आपण नावात लपलेला शब्द तपासत असतो.

तेव्हा ‘तेकीप’ आणि ‘देगीब’ घेऊ. स्वर तेच, उच्चारस्थानं तीच, फरक फक्त कंपनाचा. आता प्रश्न एक नाही, तीन विचारायचे. टोकदार कोण? आकाराने मोठा कोण? अंधारात कोण समोर आलेलं नको वाटेल? पहिल्याला ‘तेकीप’ आणि दुसऱ्याला ‘देगीब’ अशी उत्तरं यावीत, असं वर सांगितलेल्या कारणांवरून मी म्हणेन. तिसऱ्यावर मतं फुटतील आणि फुटायलाच हवीत, कारण काहींना धार घाबरवते आणि काहींना वजन. आपल्या पहारेकऱ्याला वजन हवं आहे, तेव्हा ‘देगीब’ ठेवून पुढचं पाऊल टाकायचं. एकच वर्ण बदलून ‘देघीब’, मग एकच स्वर बदलून ‘देघाब’. दर वेळी एकच बदल करायचा. दोन केले की श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही.

विचारायच्या पद्धतीतही मेख आहे. आपणच नावं वाचून दाखवली तर ‘देघाब’ म्हणताना आवाज आपोआप खाली जातो, भुवया चढतात आणि समोरचा नावापेक्षा आपल्या चेहऱ्यालाच उत्तर देतो. म्हणून नावं एकदाच, सपाट आवाजात ध्वनिमुद्रित करून सगळ्यांना तीच ऐकवावीत. निम्म्या लोकांना ‘तेकीप’ आधी, निम्म्यांना ‘देगीब’ आधी. आणि 10 पैकी 7 जण आपल्या बाजूने बोलले म्हणून हुरळून जायचं कारण नाही. 10 जणांनी नाणं उडवून उत्तर दिलं, तरी ठरलेल्या एका बाजूला 7 किंवा अधिक उत्तरं पडणं साधारण दर सहा वेळांत एकदा घडतंच. 9 किंवा अधिक पडणं मात्र 93 वेळांत एकदा. तेव्हा 7 म्हणजे कुजबुज, 9 म्हणजे काहीतरी आहे.

हे सगळं बनावट नावांचं झालं. जित्याजागत्या माणसाच्या नावावरून त्याचा स्वभाव वाचणं ही वेगळीच गोष्ट आहे आणि तिला माझा साफ विरोध आहे. कॅनडातले संशोधक डेव्हिड सिधू आणि पेनी पेक्समन यांनी इंग्रजी नावांवर बरंच काम केलं आहे. ‘मॉली’, ‘बॉब’ यांसारखी नावं लोकांना गोलसर आकृत्यांना शोभणारी वाटतात आणि ‘कर्क’, ‘केट’ टोकदार आकृत्यांना. म, न, ल असलेल्या नावांची माणसं हळवी आणि मनमिळाऊ असतील, अशीही लोकांची अपेक्षा दिसली. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि खऱ्या माणसांची नावं व त्यांचे स्वभाव ताडून पाहिले. तिथे असा काही संबंध सापडला नाही. म्हणजे नाव ऐकून उमटलेलं चित्र नाव ऐकणाऱ्याबद्दल सांगतं, नावाच्या मालकाबद्दल नाही. मुलाखतीला कुणाला बोलवायचं, वर्गातला दंगेखोर कोण असणार, असल्या प्रश्नांत हे चित्र नकळत घुसतं आणि ‘शास्त्र आहे’ म्हटल्यावर त्याला वर परवानाही मिळतो. म्हणून ‘नाव जरा उग्र वाटतं’ हे वाक्य पात्राबद्दल असेल तर मी ऐकून घेईन. माणसाबद्दल असेल तर नाही.

मुलाच्या नावाचं यातलं कुठलं? मला ते दुसऱ्या गटात जाताना दिसतं. बारशाच्या दिवशी ते बनावट नावाइतकंच कोरं वाटतं, पण दोन-चार वर्षांत त्या मुलाच्या ओळखीचं होतं आणि यमाला जे झालं ते त्यालाही होतं. हाक मारणाऱ्याला मग ट ऐकू येत नाही, पोर ऐकू येतं.

राहिला कानाचा प्रश्न. कान सगळ्यांचे सारखे नसतात. नेपाळमधल्या स्युबा या भाषेच्या लोकांवर गोल-टोकदारचा प्रयोग केला, तेव्हा तो फसला. संशोधकांनी दिलेलं कारण असं की ते बनावट शब्द त्या भाषेच्या उच्चारपद्धतीत बसतच नव्हते. शब्द शब्दासारखा वाटला नाही, तर त्यात आकार कुठून दिसणार? 25 भाषांच्या त्या मोठ्या अभ्यासातही तुर्की, रुमानियन आणि मँडरिन चिनी बोलणाऱ्यांमध्ये अपेक्षित कल दिसला नाही. तेव्हा जगभर चालणारा तक्ता कुणी देऊ केला तर मी त्याला आधी आपला ळ दाखवेन आणि विचारेन की हा कुठल्या रकान्यात घालू? कोवळा आणि सोज्वळ इथे आहेत, वेताळ आणि आक्राळविक्राळही इथेच. आणि राजकारणातली ती जुनी जोडी आठवा. ‘मवाळ’मध्ये ळ आहे. ‘जहाल’मध्ये मात्र ज, ह आणि ल, तिन्ही घोष, व्याकरणाच्या हिशेबाने तिन्ही मृदू.